त्रेचाळीस सेकंदांची तूट: फोनचे घड्याळ मागे पडल्यामुळे नाकारल्या गेलेल्या लॉगिनचे प्रकरण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजजवळ, एका कर सल्लागाराचे छोटे कार्यालय आहे आणि तेथील संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. कार्यालयातील पाच जण गरजेनुसार बाहेरगावाहून काम करतात. त्यांचा मार्ग असा: आपल्या लॅपटॉपवरून एसएसएचने कार्यालयातील एका लिनक्स संगणकापर्यंत यायचे, तेथे पासवर्ड आणि फोनमधील ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा सहा अंकी कोड द्यायचा, आणि आत आल्यावर हिशेबाच्या विंडोज संगणकाचा डेस्कटॉप उघडायचा. कोड तपासण्याचे काम लिनक्सवर `pam_google_authenticator` हे मॉड्यूल करते. ही व्यवस्था दोन वर्षे विनातक्रार चालली होती.

कार्यालयातील ज्येष्ठ लेखापाल, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो, लेकीच्या बाळंतपणासाठी बडोद्याला गेल्या आणि तेथूनच काम करू लागल्या. पहिले आठ-नऊ दिवस सुरळीत गेले. त्यानंतर कधीतरी एखादा कोड नाकारला जाऊ लागला, पण पुन्हा प्रयत्न केला की काम होत असे. पुढे नकारांचे प्रमाण वाढत गेले आणि चोविसाव्या दिवशी त्यांचा फोन आला, "अरे, चारदा कोड घातला की एकदा घेतो. पासवर्ड तर बरोबर आहे. तुमच्या मशिनीला झालंय तरी काय?"

या तक्रारीत निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे दोन तपशील होते. एक म्हणजे दोष एकाएकी आला नव्हता, तो वाढत गेला होता. दुसरा म्हणजे चारातला एक कोड अजूनही चालत होता. गुप्त किल्ली चुकीची असती तर एकही कोड चालला नसता. पण माझ्याशी बोलण्यापूर्वी काकूंनी कार्यालयातील एका सहकाऱ्याची मदत घेतली होती, आणि त्याने नवी किल्ली तयार करून क्यूआर कोड दोनदा नव्याने स्कॅन करवला होता. त्याचा काहीच उपयोग झाला नाही, आणि तो होणारही नव्हता, कारण नवी किल्ली आली तरी तिच्यापासून कोड काढणारे घड्याळ जुनेच राहिले.

हे नीट कळण्यासाठी कोड कसा तयार होतो ते पाहावे लागेल. फोन आणि सर्व्हर यांच्याकडे एकच गुप्त किल्ली असते. कोड दाखवताना फोन सर्व्हरला काही विचारत नाही, म्हणूनच विमानात किंवा नेटवर्क नसलेल्या तळघरातही अ‍ॅप कोड दाखवत राहते. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, यूटीसी प्रमाणे, आजवर किती सेकंद उलटले ते फोन आपल्या घड्याळावरून घेतो, त्या संख्येला ३० ने भागतो आणि बाकी सोडून देतो. उरलेला पूर्णांक म्हणजे आपण सध्या कितव्या खणात आहोत त्याचा क्रमांक. किल्ली आणि हा क्रमांक यांच्यावर एचमॅक ही प्रक्रिया करून आलेल्या उत्तरातून सहा अंक काढले जातात. सर्व्हर हेच गणित आपल्या घड्याळावरून करतो आणि दोन उत्तरे जुळली की दार उघडतो. ही पद्धत मे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६२३८ या दस्तऐवजात मांडली आहे. तिचा पाया असलेली, वेळेऐवजी साधा गणक वापरणारी पद्धत डिसेंबर २००५ च्या आरएफसी ४२२६ मध्ये आहे.

या दस्तऐवजांत चाचणीसाठी एक जाहीर किल्ली दिलेली असते, त्यामुळे कोणाचीही खरी किल्ली उघड न करता हे गणित करून पाहता येते. लिनक्सवर `oathtool` बसवून पुढील दोन आज्ञा द्याव्यात:

```
oathtool --totp -b --now "1970-01-01 00:00:59 UTC" GEZDGNBVGY3TQOJQGEZDGNBVGY3TQOJQ
oathtool --totp -b --now "1970-01-01 00:01:00 UTC" GEZDGNBVGY3TQOJQGEZDGNBVGY3TQOJQ
```

पहिलीचे उत्तर `287082` येते आणि दुसरीचे `359152`. वेळेत फरक एका सेकंदाचा आहे, पण त्या सेकंदात खण बदलला आणि दोन कोडांमध्ये काहीही साम्य उरले नाही. वेळ थोडी चुकली म्हणून कोड थोडा चुकला, असे येथे होत नाही. कोड एक तर त्या खणाचा असतो, नाही तर परका असतो. (खऱ्या किल्लीने हा प्रयोग आज्ञेच्या ओळीवर करू नये, कारण ती किल्ली शेलच्या इतिहासात उमटून राहते.)

या गणितात भारतीय प्रमाणवेळेला स्थान नाही. ग्वाल्हेरला सूर्य माथ्यावर येतो तेव्हा आपल्या घड्याळात बारा वाजून सुमारे सतरा मिनिटे झालेली असतात, कारण प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि ग्वाल्हेर त्याच्या बरेच पश्चिमेला. पण अ‍ॅपला ना सूर्याशी कर्तव्य, ना पाच तास तीस मिनिटांच्या फरकाशी. त्याला लागतो तो केवळ सेकंदांचा एकूण आकडा, आणि तो फोन व सर्व्हर या दोन्हींकडे सारखा असला पाहिजे.

दोन घड्याळे तंतोतंत कधीच जुळत नाहीत, शिवाय माणसाला कोड वाचून टाइप करायलाही वेळ लागतो, म्हणून सर्व्हर थोडी मुभा ठेवतो. आमच्या मॉड्यूलमध्ये `WINDOW_SIZE` ची मूळ किंमत ३ आहे. म्हणजे चालू खणाचा, त्याच्या आधीच्या एका खणाचा आणि नंतरच्या एका खणाचा, असे तीन कोड तो मान्य करतो. काकूंच्या प्रकरणाचा सगळा उलगडा या एका खणाच्या मुभेत आहे.

तरीही संशयाची पहिली दिशा सर्व्हर हीच असली पाहिजे, कारण सर्व्हरचे घड्याळ चुकले तर सगळ्यांचेच कोड चुकतात. उरलेल्या चौघांचे लॉगिन त्या आठवड्यात व्यवस्थित झाले होते. `timedatectl` ने `System clock synchronized: yes` असे दाखवले आणि `chronyc tracking` मधील `System time` या ओळीतला फरक एका मिलिसेकंदापेक्षाही कमी होता. आमचा सर्व्हर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या `time.nplindia.org` वरून वेळ घेतो, आणि भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी त्याच प्रयोगशाळेकडे आहे. त्यामुळे सर्व्हरची वेळ खरी धरण्यास हरकत नव्हती, आणि तूट फोनकडे होती.

ती किती, हे दूर बसून मोजण्याची युक्ती सोपी आहे आणि तिला कोणतेही साधन लागत नाही. प्रत्येक खण तीस सेकंदांचा आणि मोजणी पूर्ण मिनिटापासून सुरू झालेली, त्यामुळे घड्याळ बरोबर असलेल्या फोनवर कोड नेहमी शून्याव्या आणि तिसाव्या सेकंदालाच बदलतो. मी काकूंना दुसऱ्या फोनवरून बोलत राहायला सांगितले आणि कोड बदलला की "आता" म्हणा, अशी विनंती केली. माझ्यासमोर सर्व्हरचे घड्याळ होते. त्यांचे "आता" तेराव्या सेकंदाला आले, मग त्रेचाळिसाव्या, मग पुन्हा तेराव्या. याचा अर्थ फोन तेरा सेकंद मागे असू शकतो, त्रेचाळीस सेकंद मागे असू शकतो, किंवा सतरा सेकंद पुढेही असू शकतो, कारण या पद्धतीने तीस सेकंदांच्या आतलाच फरक कळतो. म्हणून दुसरा प्रश्न विचारला: फोनच्या घड्याळातला मिनिटाचा आकडा कधी बदलतो? त्यांच्या फोनवर १० वाजून ४३ मिनिटे झाली तेव्हा सर्व्हरवर १० वाजून ४३ मिनिटे ४३ सेकंद झाले होते. फोन त्रेचाळीस सेकंद मागे होता.

आता यावरून चारातला एकच कोड का चालत होता ते पाहू. काकू चष्मा लावून कोड वाचतात, एकेक अंक पुटपुटत टाइप करतात आणि मग एंटर दाबतात. मी दोन-तीन वेळा मोजले, तेव्हा कोड वाचल्यापासून एंटरपर्यंत साधारण दहा सेकंद लागत होते. समजा त्यांच्या फोनच्या मते १०:४२:०० ला नवा कोड आला आणि त्यांनी तो पाच सेकंदांनी, १०:४२:०५ ला वाचला. त्या क्षणी खरी वेळ १०:४२:४८ असते. दहा सेकंदांनी एंटर दाबले तेव्हा सर्व्हरवर १०:४२:५८ झालेले असतात. सर्व्हरचा चालू खण १०:४२:३० चा आणि कोड त्याआधीच्या, १०:४२:०० च्या खणाचा. एक खण मागचा कोड मुभेत बसतो आणि दार उघडते. आता तोच कोड त्यांनी बाराव्या सेकंदाला वाचला असे धरू. खरी वेळ १०:४२:५५, एंटरच्या वेळी १०:४३:०५. सर्व्हर नव्या खणात गेलेला आहे, कोड आता दोन खण मागचा झाला आहे, आणि तो नाकारला जातो. कोड तोच, फोन तोच. केवळ तो सात सेकंद उशिरा पाहिला गेला.

हिशेब मांडला तर तूट, टाइप करायला लागलेला वेळ आणि कोडाचे त्या क्षणीचे वय या तिन्हींची बेरीज साठ सेकंदांच्या आत राहिली पाहिजे. त्रेचाळीस आणि दहा मिळून त्रेपन्न होतात, म्हणजे कोडाच्या वयासाठी सातच सेकंद उरतात. तीस सेकंदांच्या आयुष्यातली पहिली सात सेकंदे पकडली तरच लॉगिन होणार, आणि सात भागिले तीस म्हणजे जवळजवळ चारात एक. काकूंचा अंदाज हिशेबाइतकाच नेमका होता. शेवटी लेखापालच त्या.

याच हिशेबातून एक उपयोगी खूण मिळते. कोड नुकताच बदलल्यावर चालतो पण जुना होत आलेला चालत नाही, असे कोणी सांगितले, तर त्याचा फोन मागे आहे असे समजावे. फोन तेवढाच पुढे असता तर चित्र अगदी वेगळे दिसले असते. त्रेचाळीस सेकंद पुढे असलेल्या फोनवर टाइप करण्यातला उशीर तूट वाढवत नाही, उलट ती भरून काढतो, आणि कोडाचे वयही मदतीलाच येते. काकूंच्या दहा सेकंदांच्या गतीने अशा फोनवर पहिली तीन सेकंदे सोडली तर बाकीचे सर्व कोड चालले असते आणि बहुधा तक्रारच आली नसती. म्हणजे सारखीच चूक एका बाजूला असेल तर दार बंद होते आणि दुसऱ्या बाजूला असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

घड्याळ मागे कशामुळे पडले, याचे उत्तर घरातच होते. काकू ऑथेंटिकेटर अ‍ॅप रोजच्या फोनवर ठेवत नाहीत. त्यासाठी सिमकार्ड नसलेला एक जुना अँड्रॉइड फोन आहे, जो वायफायवर चालतो. बडोद्याला पोहोचल्या त्याच दिवशी हा फोन थोरल्या नातवाच्या हाती लागला. त्याच्या खेळात संपलेले जीव पुन्हा मिळण्यासाठी काही तास थांबावे लागते, आणि घड्याळ पुढे केले की थांबावे लागत नाही, ही विद्या त्याला अवगत होती. त्यासाठी त्याने आपोआप वेळ घेण्याची सेटिंग बंद केली, घड्याळ पुढे ढकलले, आणि खेळून झाल्यावर आजीला कळू नये म्हणून भिंतीवरचे घड्याळ पाहून वेळ पुन्हा बरोबर लावून ठेवली. बरोबर म्हणजे मिनिटापर्यंत बरोबर. फोनच्या सेटिंगमध्ये तास आणि मिनिटेच भरता येतात, सेकंद भरायला जागाच नसते, त्यामुळे हाताने लावलेल्या वेळेत काही सेकंदांची चूक जवळजवळ ठरलेलीच. आणि आपोआप वेळ घेण्याची सेटिंग बंदच राहिली.

त्यापुढे घड्याळ आपल्या गुणाने मागे पडत गेले. फोनमधले घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते. असा स्फटिक दर दहा लाख सेकंदांत वीस सेकंद चुकला तरी तो सदोष ठरत नाही, पण त्या दराने दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास आणि महिन्याला पन्नासेक सेकंदांचा फरक पडतो. एरवी हे कोणाला जाणवत नाही, कारण फोन मधून मधून मोबाइल नेटवर्ककडून किंवा इंटरनेटवरील वेळेच्या सर्व्हरकडून आपली वेळ दुरुस्त करून घेत असतो. काकूंच्या फोनमध्ये सिम नव्हते आणि सेटिंग बंद होती, म्हणून दोन्ही वाटा बंद होत्या.

मला या फोनचा वेग नेमका हवा होता, म्हणून दुरुस्ती लगेच न करता दोन दिवस थांबलो. तेवढ्यापुरते काकूंनी नव्या किल्लीबरोबर मिळालेल्या पाच आपत्कालीन कोडांपैकी काही वापरावेत असे ठरले. ते आठ अंकी असतात, प्रत्येक एकदाच चालतो, आणि घड्याळाशी त्यांचा संबंध नसल्याने अशा वेळी तेच खरे उपयोगी. दोन दिवसांनी पुन्हा मोजले तेव्हा तूट शेहेचाळीस सेकंद झाली होती. दिवसाला दीड सेकंद. या दराने मागे गेले तर चोवीस दिवसांत छत्तीस सेकंद जातात, म्हणजे नातवाने वेळ लावली तेव्हा ती सात सेकंद मागे असणार. दहा सेकंदांची टाइप करण्याची गती धरली, तर तूट वीस सेकंदांपर्यंत असेतो प्रत्येक कोड चालतो, आणि सात सेकंदांवरून वीसपर्यंत जायला जवळपास नऊ दिवस लागतात. सर्व्हरच्या नोंदवहीत काकूंच्या नावापुढे `Invalid verification code` ची पहिली ओळ दहाव्या दिवसाची निघाली. त्यानंतर नकार वाढत जाणे आणि तूट पन्नासवर गेली की, म्हणजे एकोणतिसाव्या दिवसाच्या सुमारास, एकही कोड न चालणे, हे सगळे ठरल्यासारखेच होते.

नोंदवहीत तीन ओळी वेगळ्या होत्या. त्यांत कोड चुकीचा नसून आधीच वापरलेला असल्याचे म्हटले होते. काकू कधी कधी एकाच कोडाने दोन टर्मिनल उघडायला जातात, आणि `DISALLOW_REUSE` मुळे एकदा चाललेला कोड दुसऱ्यांदा चालत नाही. या ओळींचा घड्याळाशी संबंध नाही. मोजताना त्या वगळाव्या लागल्या, एवढ्यासाठी येथे सांगितले.

दरम्यान कार्यालयाच्या मालकांनी एक तोडगा सुचवला होता: सर्व्हरची मुभाच वाढवून टाकू. मॉड्यूलमध्ये तशी सोय आहे. `WINDOW_SIZE 17` केले की मागचे आठ आणि पुढचे आठ खण मान्य होतात, म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे चार मिनिटांची सूट मिळते, आणि काकूंचे लॉगिन त्याच दिवशी सुरळीत झाले असते. मी नकार दिला. एखाद्याने खांद्यावरून कोड पाहिला किंवा फसव्या पानावर तो काढून घेतला, तर त्या कोडाचे उपयोगी आयुष्य एक-दीड मिनिटाऐवजी चार मिनिटांवर जाते, आणि अंदाजाने कोड मारणाऱ्याला तीनऐवजी सतरा बरोबर उत्तरे उपलब्ध होतात. शिवाय घड्याळ तसेच मागे पडत राहिले असते आणि पाच-सहा महिन्यांनी चार मिनिटेही संपली असती. ज्या ठिकाणी वेळ घेऊ न शकणारी बंद उपकरणेच वापरावी लागतात तेथे ही सोय समजण्यासारखी आहे. येथे मात्र फोनमधली एक सेटिंग सुरू करायची होती.

पण ती सुरू करण्याच्या आदल्या रात्री एक गोष्ट घडली, आणि या प्रकरणातला खरा पेच तिनेच निर्माण केला. आपत्कालीन कोड दोन खर्च झाले होते. उरलेले तीन जपून ठेवावेत या काटकसरीच्या विचाराने काकूंनी पुन्हा अ‍ॅपचाच कोड घालायला सुरुवात केली. एक नाकारला गेला, पुढचा नाकारला गेला, तिसरा मात्र चालला. त्या रात्री नंतर दोनदा लॉगिन करावे लागले, तेव्हाही कोड पहिल्या फटक्यात चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फोनची सेटिंग सुरू केली, घड्याळ झटकन पुढे सरकले, मिनिटाचा आकडा सर्व्हरबरोबर बदलू लागला, कोडही शून्याव्या आणि तिसाव्या सेकंदाला बदलू लागला. आणि लॉगिन पुन्हा बंद पडले.

"आता तर उलटंच झालंय," काकू म्हणाल्या. "ताजा कोड घेत नाही, आणि संपत आलेला घेतो."

हे वाक्य ऐकल्यावर कोठे पाहायचे ते लक्षात आले. या मॉड्यूलमध्ये घड्याळातली तफावत सांभाळून घेण्याची एक अंगभूत सोय आहे. मुभेबाहेरचा कोड आला की तो कितव्या खणाचा असू शकेल याचा मॉड्यूल मागेपुढे शोध घेते. लागोपाठ तीन वेगवेगळे कोड जवळपास सारख्याच फरकाचे निघाले, तर हा योगायोग नसून वापरकर्त्याचे घड्याळच तेवढे चुकले आहे असे ते मानते, तो फरक वापरकर्त्याच्या फाइलमध्ये लिहून ठेवते आणि तिसरा कोड स्वीकारते. काकूंनी त्या रात्री नेमके हेच केले होते. तूट शेहेचाळीस सेकंद असताना त्यांचे बहुतेक कोड दोन खण मागचे ठरत होते. तपासून पाहिले:

```
grep SKEW ~/.google_authenticator
" TIME_SKEW -2
```

काकूंच्या फाइलमध्ये वजा दोन लिहिलेले होते. म्हणजे सर्व्हर आता चालू खण न धरता दोन खण मागे सरकून पाहत होता आणि एक, दोन किंवा तीन खण मागचे कोड मान्य करत होता. चुकीच्या घड्याळासाठी हे सोयीचे होते, म्हणून रात्रीचे लॉगिन सहज झाले. सकाळी घड्याळ बरोबर झाल्यावर ताजा कोड चालू खणाचा ठरला, आणि चालू खण या सरकलेल्या मुभेत नव्हताच. कोड आयुष्याच्या शेवटच्या दहा सेकंदांत वाचला, तर टाइप होईपर्यंत सर्व्हर पुढच्या खणात जात असे, कोड एक खण मागचा होत असे आणि मान्य होत असे. काकूंचे निरीक्षण पुन्हा अचूक होते: तीनातला एक कोड, आणि तोही शिळा.

उपाय म्हणजे ती ओळ काढून टाकणे. फाइलची प्रत बाजूला ठेवून, `SKEW` हा शब्द असलेल्या ओळी तेवढ्या वगळायच्या आणि बाकी फाइल तशीच ठेवायची. पहिल्या ओळीत गुप्त किल्ली असते, तिला चुकून धक्का लागला तर फोनवर सगळे नव्याने करावे लागते, म्हणून हे काम घाईने करू नये. फाइलच्या परवानग्याही पूर्वीसारख्या, म्हणजे मालकालाच वाचता येतील अशा, राहिल्या आहेत का ते पाहावे, नाहीतर मॉड्यूल फाइल वापरायलाच नकार देते. ओळ काढल्यावर काकूंचा पुढचा कोड पहिल्याच प्रयत्नात चालला. बरोबर घड्याळावरून लागोपाठ तीन वेगवेगळे कोड धीराने दिले असते तरी मॉड्यूलने आपला समज स्वतःच सुधारला असता. पण दोनदा नाकारल्यावर तिसऱ्यांदा शांतपणे तीस सेकंद थांबणारा माणूस विरळाच. ही सोय बंद ठेवायची असेल तर पॅमच्या ओळीत `noskewadj` हा पर्याय लिहिता येतो. आम्ही तो आता लिहिला आहे, कारण घड्याळ चुकले तर ते आम्हाला कळायला हवे, परस्पर झाकले जायला नको.

फोनच्या दुरुस्तीबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण तेथेही फसगत होते. अँड्रॉइडवर ही सेटिंग तारीख आणि वेळ या विभागात असते, आयफोनवर जनरलमधील तारीख आणि वेळ या पानावर. ती सुरू दिसली म्हणजे घड्याळ बरोबर झालेच असे नाही. सिम नसलेल्या फोनला वेळ इंटरनेटवरून घ्यावी लागते, आणि काही कार्यालयांच्या किंवा वसतिगृहांच्या वायफायवर एनटीपीचा यूडीपी १२३ हा पोर्ट अडवलेला असतो. अशा ठिकाणी सेटिंग सुरू असूनही वेळ जुनीच राहते. म्हणून सेटिंग बदलल्यानंतर कोड पूर्ण मिनिटाला आणि अर्ध्या मिनिटाला बदलतो का, हे खात्रीच्या घड्याळाशी ताडून पाहावे. काही अ‍ॅपमध्ये वेळ दुरुस्त करण्याचा स्वतंत्र पर्याय असतो. तो अ‍ॅपपुरताच हिशेब जुळवतो, फोनचे घड्याळ जसेच्या तसे राहते, आणि फोन बदलला की जुना दोष नव्याने समोर येतो.

आणखी एक प्रकार या प्रकरणाशी गल्लत होण्यासारखा आहे. गेल्या वर्षी कार्यालयातलाच एक जण दुबईहून परतला. त्याच्या फोनवर टाइमझोन तेथलाच राहिला होता, आणि त्याने घड्याळ हाताने दीड तास पुढे करून भारतीय वेळ लावली. पडद्यावरची वेळ अगदी बरोबर दिसत होती. पण फोनला वाटत होते की ही दुबईची वेळ आहे, त्यामुळे यूटीसीचा त्याचा हिशेब दीड तास, म्हणजे १८० खण, पुढे गेला होता. त्याचा एकही कोड चालेना, अगदी पहिल्या क्षणापासून. हळूहळू बिघडत जाणे हे घड्याळ घसरण्याचे लक्षण आहे. एकदम सगळे बंद पडले आणि पडद्यावरची वेळ बरोबर असेल, तर आधी टाइमझोन पाहावा.

काकूंचा फोन आता बडोद्याच्या घरच्या वायफायला जोडलेला असतो आणि आपली वेळ स्वतः घेतो. तो कधी जोडायचा राहिला तरी, दिवसाला दीड सेकंद या दराने वीस सेकंदांची तूट व्हायला तेरा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा जोडला तरी पुरेसे आहे असे आम्ही ठरवले. पुढच्या महिन्याच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे नाकारलेल्या कोडाची एक ओळ सापडली. विचारले तेव्हा म्हणाल्या, "अरे, त्या दिवशी चष्मा नव्हता. आठाला तीन वाचलं."